शंभर डॉलरचं बजेट, तीनशे डॉलरचं बिल

क्लाउडवर वापराल तेवढे पैसे, अशा योजनेत खातं उघडलं की शहाणा माणूस आधी बिलिंगच्या पानावर जातो आणि महिन्याचं बजेट टाकतो. शंभर डॉलर लिहिले, पन्नास टक्क्यांना, नव्वद टक्क्यांना आणि शंभर टक्क्यांना मेल यावा असं ठरवलं, पान बंद केलं. मनात असतं की आता शंभराच्या वर काही जाणार नाही. गुगल क्लाउडच्या कागदपत्रांत मात्र स्पष्ट लिहिलेलं आहे की बजेट ठेवल्याने वापर किंवा खर्च आपोआप थांबत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअरमध्येही बजेट ओलांडलं म्हणून कुठलीच सेवा बंद पडत नाही. तिथे खर्चाची खरी मर्यादा आहे, पण ती फुकट क्रेडिटवर चालणाऱ्या खात्यांना. वापरानुसार पैसे भरण्याच्या योजनेत गेलात की ती मिळत नाही. म्हणजे नेमकी जिथे हवी तिथेच नाही, हे मला आजही खटकतं.

पण आपण मेलवर विसंबलो, तरी तो वेळेवर येतो का? एक उदाहरण आकड्यांसकट मांडतो. उदाहरण कल्पित आहे, दर खरे आहेत.

बिगक्वेरी या गुगलच्या डेटा तपासणाऱ्या सेवेत क्वेरी, म्हणजे डेटाला विचारलेला प्रश्न, जितका डेटा वाचते तितके पैसे लागतात. अमेरिकेतल्या विभागात दर एका टेबीबाइटला ६.२५ डॉलर. महिन्याचा पहिला टेबीबाइट फुकट असतो, तो आपण आधीच संपवला आहे असं धरू. कोणीतरी एक डॅशबोर्ड बनवला. तो दर दहा मिनिटांनी स्वतःहून ताजा होतो आणि प्रत्येक वेळी एक टेबीबाइटचं अख्खं टेबल वाचतो. क्वेरीच्या शेवटी `LIMIT 100` आहे, त्यामुळे बनवणाऱ्याला वाटतं की काम छोटंसं आहे. साध्या टेबलावर `LIMIT` लावल्याने समोर दिसणाऱ्या ओळी कमी होतात, वाचलेले बाइट कमी होत नाहीत. तीच क्वेरी पुन्हा आली की एरवी साठवलेलं उत्तर फुकट मिळतं, पण या टेबलात सतत नवा डेटा येतोय, त्यामुळे तीही सवलत नाही.

डॅशबोर्ड रात्री अकराला सुरू झाला. तासाला सहा क्वेरी, म्हणजे साडेसदतीस डॉलर. सोळावी क्वेरी दीड वाजता चालते आणि शंभर डॉलर पुरे होतात. मेल मात्र दीडला येत नाही. सेवा आपला वापर आधी मोजतात, मग तो बिलिंगकडे कळवतात, तिथे दर लागतो, क्रेडिट वजा होतात, आणि मग बजेट त्या बेरजेकडे पाहतं. यात काही तास जातात, कधी एक दिवसाहून जास्त. ॲमेझॉनमध्ये बजेटची माहिती साधारण आठ ते बारा तासांनी ताजी होते. अझ्युअर बजेट चोवीस तासांतून एकदा तपासतं.

आपल्या गोष्टीत समजा सकाळी सातला मेल आले. पन्नास, नव्वद आणि शंभर टक्क्यांचे तिन्ही एकदमच. तोवर अठ्ठेचाळीस क्वेरी होऊन तीनशे डॉलर लागलेले आहेत. मेलमध्ये मात्र एकशे सहा लिहिलंय, कारण बिलिंगकडे अजून पहाटे पावणेदोनपर्यंतचाच हिशेब पोहोचलाय. वाचणारा म्हणतो, सहा डॉलर जास्त गेले, चहा घेऊन बघतो. मेल उशिरा येतो हे लोकांना हळूहळू कळतं. आत लिहिलेला आकडाही शिळा असतो, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतं. त्या क्षणी खरी स्थिती बघायची तर बिलिंगच्या पानावर जाऊ नका, खुद्द सेवेला विचारा:

```sql
SELECT SUM(total_bytes_billed) / POW(1024, 4) AS tib
FROM `region-us`.INFORMATION_SCHEMA.JOBS
WHERE creation_time >= TIMESTAMP_SUB(CURRENT_TIMESTAMP(), INTERVAL 1 DAY)
```

गेल्या चोवीस तासांत किती टेबीबाइट लागले ते इथे कळतं. त्याला दराने गुणा.

आता कोणी म्हणेल, मेल वाचायला माणूस कशाला, यंत्रालाच थांबवू द्या. तशी सोय आहे. गुगलमध्ये बजेटची सूचना पबसब या निरोप पोहोचवणाऱ्या सेवेवर पाठवता येते आणि ती ऐकणारं एक छोटं फंक्शन प्रोजेक्टचं बिलिंग तोडू शकतं. पण हे फंक्शनही त्याच शिळ्या आकड्यावर जागं होतं, त्यामुळे ते तीनशेवरच थांबवणार. शिवाय बिलिंग तोडलं की त्या प्रोजेक्टमधल्या सगळ्याच सेवा बंद पडतात आणि काही गोष्टी कायमच्या पुसल्या जाऊ शकतात. प्रयोगाच्या प्रोजेक्टवर हे खुशाल लावा. गिऱ्हाइकांचा डेटा असलेल्या प्रोजेक्टवर लावायचं तर आधी बिल भरणं परवडेल की डेटा गमावणं, याचा हिशेब करा.

ॲमेझॉनमध्ये बजेट ओलांडल्यावर आपोआप चालणाऱ्या बजेट ॲक्शनची तऱ्हा वेगळी. एक ॲक्शन परवानगी काढून घेते, म्हणजे नवं सर्व्हर सुरू करता येत नाही, पण जे आधीच चालू आहेत ते चालूच राहतात. दुसरी ॲक्शन ठरावीक सर्व्हर थांबवते. थांबलेल्या सर्व्हरची डिस्क मात्र तशीच असते आणि तिचे पैसे लागत राहतात. आणि तो सर्व्हर ऑटो स्केलिंगच्या, म्हणजे सर्व्हरची संख्या आपोआप राखणाऱ्या, गटातला असेल तर गंमतच होते. गटाला वाटतं हा सर्व्हर आजारी पडला, म्हणून तो त्याला काढून टाकतो आणि जागी नवा उभा करतो. नव्याचा ओळखक्रमांक वेगळा, त्यामुळे ॲक्शनच्या यादीत तो नाहीच.

क्रेडिटचाही एक सापळा आहे, थोडक्यात सांगतो. बजेट जर क्रेडिट वजा करून खर्च मोजत असेल, तर फुकट क्रेडिट असेपर्यंत आकडा शून्यच दिसतो. वापर महिनाभर फुगत राहतो आणि क्रेडिट संपल्यावरच सूचना सुरू होतात. बजेट बनवताना क्रेडिट वगळायची निवड असते, ती करा.

मग थांबवतं काय? वापर व्हायच्या आधी जी मर्यादा तपासली जाते, तीच. क्लाउडच्या भाषेत ती कोटा. ती डॉलरमध्ये नसते, वापराच्या एककात असते, त्यामुळे आकडेमोड आपणच करायची. महिन्याला शंभर डॉलर म्हणजे सोळा टेबीबाइट. रोजचा कोटा अर्धा टेबीबाइट ठेवला तर तीस दिवसांत पंधरा टेबीबाइट, ९३.७५ डॉलर. बिगक्वेरीत हा कोटा `QueryUsagePerDay` या नावाने सापडतो. तो लावला असता तर आपल्या डॅशबोर्डची पहिलीच क्वेरी नाकारली गेली असती, कारण ती एक टेबीबाइट मागत होती. रात्री अकरालाच पडद्यावर चूक दिसली असती.

एकेका क्वेरीलाही असाच आवर घालता येतो:

```
bq query --use_legacy_sql=false \
  --maximum_bytes_billed=10737418240 \
  'SELECT ...'
```

हा आकडा दहा गिबीबाइटचा आहे. अंदाज त्याच्या वर गेला तर क्वेरी चालत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

कोट्याचीही किंमत आहेच. दिवसाचा कोटा दुपारी संपला तर त्या प्रोजेक्टमधली खरी, गरजेची क्वेरीही नाकारली जाते आणि तो पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्र होईपर्यंत परत भरत नाही. म्हणून प्रयोग करणाऱ्यांना वेगळा प्रोजेक्ट द्यावा, किंवा `QueryUsagePerUserPerDay` वापरून माणशी कोटा ठेवावा. शिवाय हा कोटा फक्त क्वेरींचा. साठवणुकीचे पैसे तो मोजत नाही, त्यावर बजेटचा मेलच बरा. साठवणूक एका रात्रीत तिप्पट सहसा होत नाही, त्यामुळे तिथे काही तासांचा उशीर चालून जातो.