जाहिरात शिळी झाली हे ओळखायचं कसं?

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये मॉड्युलर किचन करून देणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. फेसबुक-इन्स्टाग्रामवर त्यांची एकच जाहिरात नऊ आठवडे चालू होती. चकाचक तयार स्वयंपाकघर, त्यावरून फिरणारा कॅमेरा आणि खाली किंमत. सुरुवातीला १४० रुपयांत एक चौकशी येत होती, ती आता ३१८ रुपयांवर गेली होती. "बजेट वाढवू का?" असं ते विचारत होते.

मी म्हटलं, आधी आकडे शेजारी शेजारी मांडू. पहिल्या आठवड्यात ७,००० रुपयांत जाहिरात ६०,००० वेळा दिसली, ८४० क्लिक आले आणि ५० जणांनी फॉर्म भरला. नवव्या आठवड्यातही खर्च तेवढाच. जाहिरात ५६,००० वेळा दिसली, क्लिक ३३६ आणि फॉर्म २२.

आता यात काय बिघडलंय ते बघा. हजार वेळा दाखवण्याचा खर्च पूर्वी ११७ रुपये होता, तो १२५ झाला, म्हणजे जवळपास तेवढाच राहिला. दिवाळीत सगळेच जाहिराती करतात तेव्हा हा आकडा उसळतो, तसं इथे झालेलं नाही. क्लिक करणाऱ्यांपैकी फॉर्म भरणारे पूर्वी शंभरात सहा होते, आजही सहा-साडेसहा आहेत. म्हणजे फॉर्म ठीक आहे, किमतीलाही कोणी बिचकत नाही. कोसळलंय ते फक्त क्लिकचं प्रमाण, १.४ टक्क्यांवरून ०.६ वर. लोकांना जाहिरात दिसते, पण बोट थांबत नाही.

पण एवढ्यावरून ती शिळी झाली असं मी म्हणणार नाही. त्यासाठी फ्रीक्वेन्सी बघायची, म्हणजे एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली. आठवड्याची फ्रीक्वेन्सी २.८ होती, ती बघून हे गृहस्थ निर्धास्त होते. मी तारखा बदलून पूर्ण नऊ आठवड्यांची काढली, तर ती ८ निघाली. आणि ही सरासरी आहे. कोणाला दोनदा दिसली असेल, तर कोणाला वीस वेळा. एका बाईंनी खाली कमेंटच केली होती, "हे किचन आता मला पाठ झालंय." या गृहस्थांच्या जाहिरात खात्यातल्या Delivery रकान्यातही Creative fatigue, म्हणजे जाहिरात शिळी झाली, अशी खूण आली होती. चौकशीचा खर्च आपल्याच जुन्या जाहिरातींच्या दुपटीवर गेला की मेटा ती खूण दाखवतं. म्हणजे ती दिसेपर्यंत पैसे जाऊन बसलेले असतात.

अजून एक पडताळणी करून बघा. तीच जाहिरात थोड्या पैशांत शेजारच्या गावात, जिथे ती कधी दिसली नाही तिथे लावा. तिथे चालली, तर जाहिरात वाईट नाही, इथले लोक कंटाळलेत. तिथेही पडली, तर मामला वेगळा आहे.

मग बदलायचं काय? त्यांनी आधी पार्श्वभूमीचा रंग आणि वरची ओळ बदलून पाहिली होती. दोन दिवस बरे गेले, पुन्हा तेच. साहजिक आहे. बघणाऱ्याने पहिल्या क्षणात ओळखलं, 'हीच ती'. रंग बदलून भागत नाही, थांबायला दुसरं कारण द्यावं लागतं. अमूलची मुलगी १९६०च्या दशकापासून तीच आहे, पण होर्डिंगवरचा विषय सतत बदलतो. ओळख ठेवा, विषय बदला.

विषय कुठून आणायचा? मी त्यांच्याकडे चौकशीचे फोन घेणाऱ्या मुलीशेजारी अर्धा दिवस बसलो. किमतीआधी लोक विचारत होते, "काम किती दिवस चालेल? तेवढे दिवस स्वयंपाक कुठे करायचा?" हीच आपली नवी जाहिरात! एका घरी काम चालू असताना व्हिडिओ काढला. पहिल्याच दृश्यात बाल्कनीत मांडलेली शेगडी आणि त्या घरच्या काकू, "चार दिवस इथेच पोळ्या केल्या." लोगो आणि फोन नंबर जुनेच.

लावताना जपायचं ते असं. चालू जाहिरातीत नवा व्हिडिओ घुसवू नका. त्याने लर्निंग, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवायची हे यंत्रणेचं शिकणं, पुन्हा सुरू होतंच, शिवाय जुनी जाहिरातही हातातून जाते. नवी जाहिरात वेगळी करा. पण जुनीही तशीच चालू ठेवली, तर यंत्रणा बहुतेक वेळा ओळखीच्या जुन्या जाहिरातीलाच पैसे देते आणि नवीला दाखवायची संधीच मिळत नाही. मोठं बजेट असेल तर नवीला स्वतंत्र ॲड सेट, म्हणजे वेगळ्या बजेटचा गट, द्या. पण लर्निंग पूर्ण व्हायला प्रत्येक ॲड सेटला आठवड्याला सुमारे ५० फॉर्म लागतात. यांना २२ मिळत होते, त्यात आणखी फाळणी कशाला? म्हणून जुनी बंद केली. डिलीट केली नाही, काही महिन्यांनी ती पुन्हा लावता येते.

नव्या जाहिरातीवर चौकशी १७० रुपयांना येऊ लागली. १४० परत आले नाहीत, आणि येतील असं मी त्यांना सांगितलंही नव्हतं. त्या भागातले जे लगेच किचन करणार होते, ते पहिल्या आठवड्यांतच येऊन गेले होते.