बदली मान्य आहे, तारीख पुढे न्या

श्रोतेहो, नमस्कार.

ऑगस्ट-सप्टेंबरात बदलीचा आदेश हातात पडतो, तेव्हा घरातला पहिला प्रश्न नव्या गावाचा नसतो. तो असतो, ‘पोरीची दहावी आहे, आता काय करायचं?’ मी एका सरकारी बँकेच्या कर्मचारी विभागात बरीच वर्षं होतो. शाळेच्या कारणासाठी बदली पुढे ढकलण्याचे अर्ज माझ्या टेबलावरून जात. त्यातले काही मंजूर होत, बरेच नामंजूर. मुलाची अडचण खरी असूनही अर्ज का फेटाळला जातो आणि तसा तो फेटाळला जाऊ नये म्हणून काय लिहावं, हे आज तुम्हांला सांगायचं आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बदली हा नोकरीचा भाग आहे, अमुक गावातच राहण्याचा हक्क कर्मचाऱ्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. पण त्याच न्यायालयाने १९९४ साली करुप्पा थेवन यांच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट सांगितली. कामाची निकड तातडीची नसेल, तर बदली करताना कर्मचाऱ्याची मुलं शिकत आहेत या गोष्टीला योग्य वजन द्यायला हवं. तिथे बदली रद्द झाली नाही. चालू शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत ती अमलात आणू नये, एवढंच न्यायालयाने सांगितलं. आपल्याला मागायचं आहे ते हेच, आणि एवढंच.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांची गोष्ट जरा वेगळी आहे. महाराष्ट्रात बदल्यांचा २००५चा कायदा आहे आणि त्यानुसार बदल्या साधारणपणे वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात व्हायच्या असतात. मधल्या काळात बदली करायची तर विशेष कारण लेखी नोंदवावं लागतं आणि वरच्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते. म्हणून तुम्ही राज्य शासनात असाल आणि ऑक्टोबरात आदेश आला, तर आधी त्यात कारण नोंदवलं आहे का ते वाचा. बँका, विमा कंपन्या, खाजगी कंपन्या यांना हा कायदा लागू नाही. तिथे विनंतीच करावी लागते, आणि विनंती कशी केली यावर बरंच काही ठरतं.

आता एक उदाहरण घेऊ. कोल्हापुरातला एक बँक अधिकारी आहे असं समजा. ऑगस्टच्या अखेरीस त्याची बदली नागपूरला झाली. मुलगी कोल्हापुरात मराठी माध्यमात, राज्य मंडळाच्या दहावीत शिकते. असे अधिकारी बहुधा जो पहिला अर्ज लिहितात, त्यात आईवडील म्हातारे आहेत, बायकोची नोकरी इथे आहे, घराचं कर्ज चालू आहे, मुलीची दहावी आहे, सबब बदली रद्द व्हावी, असं सगळं एकत्र असतं. वाचणाऱ्याला वाटतं, या माणसाला जायचंच नाही. कारण आईवडील आणि कर्ज पुढच्या वर्षीही असणार. या गर्दीत दहावीचं खरं कारण पातळ होऊन जातं.

त्यापेक्षा अर्जाचं पहिलं वाक्य असं असावं: ‘नागपूर येथे झालेली माझी बदली मला मान्य आहे.’ हे वाक्य लिहिताना हात अडखळतो, मला माहीत आहे. पण अर्ज वाचणाऱ्याची निम्मी धास्ती तिथेच जाते. आज याला थांबवलं तर हा मार्चमध्ये नवं कारण काढेल, अशी ती धास्ती असते. दुसऱ्या वाक्यात तारीख द्यावी. ‘काही काळ’ किंवा ‘परीक्षा होईपर्यंत’ असं मोघम लिहू नये. मंडळाचं वेळापत्रक पाहून शेवटच्या पेपरची तारीख लिहावी, आणि त्यानंतर आठवडाभराच्या आत मी कार्यमुक्त होऊन नागपूरला रुजू होईन, असं स्वतःहून लिहून द्यावं. वेळापत्रक अजून लागलं नसेल तर एक निश्चित तारीख धरा, मात्र ती वर्ष संपेपर्यंत ताणू नका.

मग शाळा का बदलता येत नाही ते तीन-चार वाक्यांत सांगावं. ‘मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे’ हे प्रत्येक अर्जात असतं, त्याने काही कळत नाही. कळतं ते असं: दहावीचा परीक्षा अर्ज शाळेमार्फत भरला जातो. कोल्हापूर आणि नागपूर ही मंडळाची दोन वेगळी विभागीय कार्यालयं आहेत, म्हणून मधेच शाळा बदलली तर नोंदी इकडून तिकडे न्याव्या लागतात. भाषा, गणित, विज्ञान या विषयांत शंभरातले वीस गुण शाळेकडून दिले जातात, आणि तिथे त्या मुलीला सहामाहीपर्यंत कुणी ओळखतही नसणार. हे वाचणाऱ्याला पटतं, कारण ते तपासता येतं. सोबत शाळेचा बोनाफाईड दाखला जोडा. त्यात इयत्ता, माध्यम, मंडळ आणि चालू शैक्षणिक वर्ष असावं. मुख्याध्यापकांकडून शिफारसपत्र आणायची गरज नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मूल तिसरीत असेल तर हा अर्ज बहुतेक टिकत नाही, आणि त्यामागे कारण आहे. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क दिला आहे. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला, म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. कार्यालयातल्या माणसाला हे ठाऊक असतं. लहान मुलाच्या बाबतीत जोर द्यायचा तर माध्यमाच्या अडचणीवर द्यावा. मराठी माध्यमातल्या मुलाला वर्षाच्या मध्यावर चेन्नईत बसवायचं, ही खरी अडचण आहे. मुंबईहून पुण्याला जाताना तसं काही नसतं.

आता पलीकडची बाजू पाहा. तुम्हांला कोल्हापुरात थांबवलं तर नागपूरची जागा रिकामी राहते. बँकेत ३१ मार्चला वर्षअखेर असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत तिथे माणूस हवा असतो. तुमच्या जागी कोल्हापूरला येणारा अधिकारीही आदेश घेऊन बसलेला असतो. मी जितके नकार पाहिले त्यांतले बहुतेक या दोन गोष्टींमुळे होते, मुलाबद्दल कुणाला आस्था नव्हती म्हणून नव्हे. तेव्हा अर्जात या अडचणीवर काहीतरी सुचवा. येणाऱ्या अधिकाऱ्याशी आधी फोनवर बोला. त्याच्याही घरी बारावी असेल तर दोघांनी एकच तारीख मागता येते, आणि दोन्ही अर्ज एकमेकांना आधार देतात. किंवा असं सुचवा की नागपूरला माणसाची अगदीच गरज पडली, तर दिवाळीच्या सुट्टीनंतर तीन-चार आठवडे मी तात्पुरता तिथे येऊन काम करीन. हे वाक्य लिहिलेल्या अर्जावर वरिष्ठांचं मत बदलताना मी पाहिलं आहे. अर्थात, जे खरोखर करता येणार नाही ते लिहू नका. तो कागद मार्चमध्ये कुणीतरी पुन्हा काढतोच.

अर्ज शाखा व्यवस्थापकांमार्फत जावा आणि त्यावर त्यांचा शेरा असावा. कार्यमुक्त केल्यावर केलेल्या अर्जाला फारसा अर्थ राहत नाही, म्हणून आदेश मिळाल्यापासून दोन-तीन दिवसांत तो गेलाच पाहिजे. आगाऊ प्रत थेट विभागीय कार्यालयाला पाठवा आणि पोच घ्या. ओळखीच्या आमदाराचं किंवा खासदाराचं पत्र जोडण्याचा मोह होतो. तो टाळा. बाहेरून दबाव आणणं बहुतेक सेवानियमांत गैरवर्तन ठरतं आणि ते पत्र कायमचं फाइलीत राहतं.

अर्ज दिला आणि उत्तर येत नाही, हा काळ सर्वांत धोक्याचा असतो. इथेच लोक वैद्यकीय रजेवर जातात. पाठदुखी, रक्तदाब, जे मिळेल त्या प्रमाणपत्रावर. कृपा करून हे करू नका. अर्ज प्रलंबित आहे म्हणून बदलीचा आदेश थांबत नाही. सुरतहून उकाईला बदली झालेला गुजरात वीज मंडळाचा एक कर्मचारी, बदली रद्द करा असा अर्ज देऊन रुजू न होता थांबून राहिला. त्याची नोकरी गेली, आणि १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने मंडळाची कारवाई योग्य ठरवली. अडचण असेल तर अर्ज करावा, पण आदेशाला स्थगिती मिळाली नाही तर तो पाळावा लागतो, असं त्या निकालात स्वच्छ म्हटलं आहे. कार्यमुक्तीचं पत्र आलंच तर ते घ्या, नव्या ठिकाणी रुजू व्हा आणि पहिल्याच दिवशी तिथून दुसरा अर्ज द्या: माझी विनंती प्रलंबित आहे, तिचा निर्णय व्हावा.

आणि नकारच आला तर? कुटुंब कोल्हापुरात, तुम्ही नागपुरात, असे सहा-सात महिने काढावे लागतात. या काळासाठी काही तरतुदी आहेत आणि पुष्कळांना त्या माहीत नसतात. सरकारी बँकांतल्या अधिकाऱ्यांना, बदली शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर झाली आणि मूल जुन्या गावीच शिकत राहिलं, तर वर्ष संपेपर्यंत एक वेगळा मासिक भत्ता मिळतो. तो आपोआप जमा होईल या भरवशावर राहू नका, शाळेचा दाखला जोडून मागा. बँकेचं घर असेल तर मुलाच्या शिक्षणासाठी ते वर्षअखेरपर्यंत ठेवायची परवानगी वेगळ्या अर्जाने मागा.

कुटुंबाच्या प्रवासखर्चालाही मुदत असते. केंद्र सरकारच्या नियमांत कुटुंब साधारण सहा महिन्यांच्या आत हललं तरच तो खर्च मिळतो. ऑगस्टअखेरीस बदली झाली तर ही मुदत फेब्रुवारीत संपते, म्हणजे दहावीचे पेपर उरकायच्या आत. विशेष कारण असेल तर ती वाढवून मिळू शकते, पण मुदत टळून गेल्यावर मागणं अवघड होतं. तुमच्या संस्थेत हा आकडा किती आहे ते रुजू होतानाच विचारा आणि मुदतवाढीचा अर्ज जानेवारीतच देऊन ठेवा.

नमस्कार.