आत्याच्या घरचा राउटर

श्रोतेहो, नमस्कार. सांगलीच्या गावभागात माझी आत्या राहते. तिच्या घरी गेल्या पावसाळ्यात जे घडलं, ते तिला विचारूनच तुम्हाला सांगतोय.

तिच्याकडचं वायफाय फार हळू चालू लागलं होतं. आतोबांनी इंटरनेटवर शोधून कुठलासा मदतीचा नंबर काढला आणि फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलला. "काका, तुमच्या राउटरमध्ये बिघाड आहे, मी इथूनच जोडून बघतो." त्याने लॅपटॉपवर एक ॲप घ्यायला लावलं, त्यावरचा आकडा विचारून घेतला, आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. दहा मिनिटांनी म्हणाला, झालं काम. पाचशे रुपये घेतले. आतोबांनी ते ॲप लगेच काढून टाकलं आणि निर्धास्त झाले.

चार दिवसांनी आत्याचा फोन. "अरे, बँकेचं पान उघडत नाही. लाल खूण येतीय, इंग्रजीत काहीतरी लिहिलंय. पुढं जाऊ का?"

मी म्हटलं, "आत्या, काही दाबू नकोस. वाचून दाखव."

तिने अक्षर अक्षर वाचलं: Your connection is not private. म्हणजे, तुमची जोडणी खासगी नाही.

मी म्हटलं, "आता तुझ्या मोबाइलवर तेच पान उघड." तिथेही तीच लाल खूण. "आता मोबाइलचं वायफाय बंद कर आणि सिमच्या डेटावर उघड." लगेच नीट उघडलं. वायफाय परत चालू केलं, पुन्हा लाल खूण. श्रोतेहो, हे लक्षात ठेवा. वायफायवर दोन्ही यंत्रं अडतात आणि सिमच्या डेटावर तेच पान नीट उघडतं, तर संशय लॅपटॉपवर नाही, राउटरवर घ्यायचा.

स्कूटर काढली आणि गेलो. लॅपटॉपवर 192.168.1.1 हा पत्ता टाकून राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं. नाव admin, पासवर्डही admin, कारखान्यातून आला तसाच. आत DNS नावाच्या रकान्यात दोन अनोळखी आकडे भरलेले होते. बिलावरच्या नंबरवर फोन करून कंपनीला विचारलं, तर ते आकडे त्यांचे नव्हते.

डीएनएस म्हणजे एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी समजा. तुम्ही विचारता, तासगावची गाडी कुठे लागते? खिडकीतला माणूसच बदलला, तर तो भलत्याच गाडीत बसवेल, आणि पाटीही तासगावचीच लावलेली असेल. बँकेचं नाव बरोबर टाकूनही आत्या भलत्याच दारात पोचत होती. ब्राउझरने त्या पानाचं ओळखपत्र तपासलं, ते बँकेशी जुळलं नाही, म्हणून लाल खूण आली. ती ओलांडून गेली असती, तर पासवर्ड त्या माणसाच्या हातात पडला असता.

शिवाय Remote Management चालू केलेलं होतं. म्हणजे राउटरचं लॉगिनचं पान बाहेरच्या इंटरनेटवरून उघडतं, आणि पासवर्ड तर admin. ॲप काढलं तरी दार उघडंच होतं. पुन्हा सांगतो, ॲप काढलं तरी राउटरचं दार उघडंच राहतं.

मग कंपनीकडून जोडणीचं युजरनेम आणि पासवर्ड लिहून घेतला, कारण रीसेट केल्यावर तो पुसला जातो. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरलं. राउटर कोरा झाला. सगळ्यात आधी लॉगिनचा पासवर्ड बदलला, Remote Management बंद आहे ना ते पाहिलं, आणि मेलचे पासवर्ड सिमच्या डेटावरून बदलले.

आणि वायफाय हळू का होतं? राउटर लोखंडी कपाटामागे सरकवलेला, वर विणलेला रुमाल! राउटर मोकळ्या जागी, उंचावर ठेवावा, हे माझं ठाम मत आहे. टीव्हीवर रुमाल घालायची आपली पद्धत आहे, पण राउटरला गरम हवा बाहेर टाकायला जागा लागते. कपाट सोडून उंच फळीवर ठेवला, आणि वेग परत आला.

दुरून मदत घ्यायचीच नाही, असं मी म्हणत नाही. फोन तुम्ही लावायचा, बिलावरच्या नंबरवर. कंपनीला आपल्या लाइनची स्थिती सहसा तिकडूनच दिसते, त्यासाठी तुमचा पडदा लागत नाही, ओटीपी तर नाहीच. (हा नंबर कंपन्यांनी डब्यावरच मराठीत मोठ्या अक्षरांत छापावा, हे मी कितीदा तरी बोललोय.) ओळखीचा मुलगा पुण्यातून मदत करत असेल, तर माऊस तुमच्याच हातात असू दे. त्याने सांगायचं, तुम्ही वाचायचं, तुम्हीच दाबायचं. काही बदलण्याआधी त्या पानाचा फोटो काढून स्वतःजवळ ठेवा, म्हणजे पूर्वीसारखं करता येतं. त्याला पासवर्ड दिलाच असेल, तर काम संपताच बदला. आणि पैसे गेलेच, तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा. एकोणीस तीस.

आत्याने आता कंपनीचा नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, गॅस सिलिंडरच्या नंबराशेजारी.