समीक्षकाचा कोणता शेरा लेख बदलतो?

नमस्कार श्रोतेहो. आज मी बोलणार आहे ते दारव्हा, दिग्रस, पुसद, मंगरुळपीर अशा ठिकाणच्या कॉलेजांत शिकवता शिकवता किंवा पीएच.डी. करता करता शोधनिबंध लिहिणाऱ्यांशी. निबंध पाठवून काही महिने होतात आणि एक दिवस ईमेल येते. संपादकाचं पत्र चार ओळींचं, निर्णय ‘मेजर रिव्हिजन’, आणि खाली दोन समीक्षकांचे मिळून 19 शेरे. पहिल्याची भाषा सौम्य असते. दुसऱ्याची अशी असते की वाचून रात्री जेवण जात नाही.

यानंतर बहुतेक जण शेरा क्रमांक एकपासून सुरुवात करतात आणि ओळीने एकोणीसपर्यंत जातात. स्पेलिंगच्या चुकीला जेवढा वेळ, तेवढाच अख्खा निष्कर्ष हलवणाऱ्या शेऱ्याला. आणि हलवणारा शेरा बहुधा बाराव्या-तेराव्या क्रमांकावर एका ओळीत बसलेला असतो. तो ओळखायचा कसा, हे आपण एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण मी समजावून सांगण्यासाठी रचलं आहे, त्यातले आकडेही सोयीसाठी घेतलेले आहेत. शेऱ्यांची जात मात्र खरी आहे.

समजा, एका संशोधक विद्यार्थिनीने सोयाबीनवर काम केलं. रुंद वरंबा सरी, म्हणजे ज्याला आपण सगळे बीबीएफ म्हणतो, त्या पद्धतीने पेरलेलं सोयाबीन आणि तिफणीने किंवा ट्रॅक्टरने सपाट पेरलेलं सोयाबीन, यांची तिने तुलना केली. ही पद्धत काळ्या भारी जमिनीसाठीच पुढे आली. पाऊस जास्त झाला की सरीतून पाणी निघून जातं आणि पाऊस ताणला की वरंब्यात ओल टिकते. तिने 3 गावांतले 48 शेतकरी घेतले, 24 बीबीएफवाले आणि 24 सपाट पेरणीवाले. सरासरी निघाली एकरी 8 क्विंटल आणि साडेसहा क्विंटल. दीड क्विंटलचा फरक. निष्कर्ष लिहिला: ‘बीबीएफमुळे सोयाबीनचं उत्पादन वाढतं.’

आता दुसऱ्या समीक्षकाचा बारावा शेरा ऐका. ‘लेखिकेला संशोधन पद्धतीचा गंधही नाही. बीबीएफ करणारे शेतकरी कसे निवडले, हेच कुठे सांगितलेलं नाही.’

पहिलं काम म्हणजे वही घेऊन प्रत्येक शेरा आपल्या शब्दांत, साध्या प्रश्नाच्या रूपात उतरवायचा. या शेऱ्यातलं पहिलं वाक्य लेखिकेबद्दल आहे, त्यावर काही करता येत नाही, ते सोडा. उरतो तो प्रश्न: बीबीएफवाले शेतकरी कसे निवडले? हे उतरवणं हातानेच करावं, कारण त्यातच राग निवतो आणि काही शेऱ्यांत राग काढल्यावर प्रश्नच उरत नाही, हेही कळतं.

दुसरं काम त्याच वहीच्या वरच्या बाजूला. आपला मुख्य दावा एका वाक्यात लिहायचा आणि त्याखाली तो कशावर उभा आहे ते. इथे दावा आहे, बीबीएफमुळे उत्पादन वाढतं. तो तीन गोष्टींवर उभा आहे. दोन्ही गटांचं उत्पादन नीट मोजलं आहे. दोन्ही गट पेरणीची पद्धत सोडता बाकी सारखे आहेत. आणि दिसलेला फरक योगायोगाचा नाही. आता प्रत्येक प्रश्नाला विचारायचं: समीक्षक शंभर टक्के बरोबर आहे असं धरलं, तर या तिन्हींपैकी काही ढासळतं का? ढासळत असेल तर तो शेरा पहिल्या दिवसाचा. नसेल तर तो नंतरचा, मग त्याची भाषा कितीही कडक असो.

या चाळणीतून बरेच शेरे पटकन जातात. इंग्रजी सुधारा, तक्ता दोनचं शीर्षक चुकलं, अमुक चार निबंधांचा उल्लेख करा. एका दुपारचं काम. त्या चार निबंधांतला एखादा आपल्या दाव्याच्या विरुद्ध जाणारा आहे का, एवढं मात्र वाचून पाहावं.

एक शेरा असा: ‘ओलिताखालची आणि कोरडवाहू शेतं एकत्र केली आहेत.’ खरं तर केलेली नाहीत, सहाव्या पानावर तसं वाक्य आहे. इथे ‘कृपया पान 6 पाहावे’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण ज्याने निबंध शेरे लिहिण्यासाठी वाचला त्याच्याही नजरेतून ते वाक्य सुटलं, म्हणजे पुढच्या वाचकाच्याही सुटणार. ते वाक्य उचलून पद्धतीच्या पहिल्या परिच्छेदात आणावं. दावा तोच राहतो, मांडणी बदलते.

आता जरा फसवा शेरा. ‘उत्पादन पोत्यांवरून विचारलं आहे, ते विश्वासार्ह नाही.’ आपल्याला माहीत आहे, सोंगणी झाली, मळणीयंत्र लागलं की हिशेब पोत्यांचा. कोणाचं पोतं 50 किलोचं, कोणाचं साठच्या पुढे. शेरा बरोबरच आहे. पण त्याने दावा ढासळतो का? इथे प्रश्न असा विचारायचा की ही चूक दोन्ही गटांत सारखी आहे की एकाच गटात? दोन्हीकडे सगळ्यांनी आठवणीने पोती सांगितली असतील, तर आकडे विस्कळीत होतील, फरक धूसर होईल, पण एका बाजूला झुकणार नाही. मात्र बीबीएफवाल्यांकडे बाजार समितीची काटापट्टी होती आणि सपाट पेरणीवाल्यांनी अंदाजाने सांगितलं, असं असेल, तर दीड क्विंटलमधला काही भाग नुसत्या मोजण्यातून आलेला असू शकतो. म्हणून विद्यार्थिनीने मूळ फॉर्म काढून पाहिले पाहिजेत, कोणाचा आकडा कशावरून घेतला. समजा, दोन्हीकडे आठवणच होती. मग हा शेरा दाव्याला धक्का लावत नाही. एक वाक्य लिहायचं आणि पुढे जायचं.

‘48 शेतकरी फार कमी आहेत’ हा शेरा जवळपास प्रत्येकाला येतो. त्यावर घाईघाईत आणखी 20 शेतकरी शोधायला निघू नये. नमुना लहान असेल तर अंदाज सैल होतो, तेव्हा फरकाच्या बाजूला तो किती खाली-वर जाऊ शकतो हे द्यावं. पण निवड चुकीची असेल तर 48 चे 480 केले तरी चूक तेवढीच राहते.

म्हणून बाराव्या शेऱ्याकडे परत येऊ. विद्यार्थिनीने यादी पुन्हा पाहिली. 24 बीबीएफवाल्यांपैकी 19 एकाच गावचे निघाले, कारण शेतकरी गटाचं पेरणीयंत्र त्याच गावात होतं. सपाट पेरणीवाले बहुतेक दुसऱ्या दोन गावांतले. म्हणजे तुलना दोन पद्धतींची राहिलीच नाही. ती गावांची झाली. एका गावात ऑगस्टमध्ये पाऊस वेळेवर आला, दुसऱ्यात नाही. एका गावाची जमीन भारी, दुसऱ्याची बरड. शिवाय यंत्र मिळवण्यासाठी जो धडपडतो तो डवरणी आणि फवारणीही वेळेवर करणारा असू शकतो. ‘दोन्ही गट बाकी सारखे आहेत’ हा आधारच गेला. बाकी 18 शेरे एकीकडे आणि हा एकीकडे.

इथे मला 1936 ची एक गोष्ट सांगावीशी वाटते. आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे निबंध पाठवला होता. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. संपादकांनी तो समीक्षकाकडे दिला आणि समीक्षकाने दहा पानी टिपण पाठवून गणितातली अडचण दाखवली. आइन्स्टाइन रागावले, छापण्यापूर्वी निबंध दुसऱ्या कुणाला दाखवलाच का, असं संपादकांना लिहून त्यांनी निबंध परत घेतला. पुढे 1937 साली तो दुसऱ्या नियतकालिकात आला तेव्हा निष्कर्ष उलटा झालेला होता. अडचण खरी होती, आणि ती पटल्यावर त्यांनी नुसती तळटीप जोडली नाही.

आपल्या विद्यार्थिनीपुढे आता काय मार्ग आहे? नवा हंगाम घ्यायला वेळ नाही. पण तिच्या 24 बीबीएफवाल्यांमध्ये 11 जण असे आहेत, ज्यांनी आपल्याच वावरात अर्धं बीबीएफ आणि अर्धं सपाट पेरलं होतं आणि दोन्हीकडची पोती वेगळी ठेवली होती. शेतकरी तोच, पाऊस तोच, बियाणं तेच. या 11 जणांपुरती तुलना केली तर दीड क्विंटलचा फरक 0.6 वर आला. त्यातही 5 वावरं खोलगट होती, पाणी साचून चिबडणारी, तिथे फरक साधारण 1.1 क्विंटल होता. उताराच्या 6 वावरांत तो 0.2, म्हणजे जवळपास नाहीच.

इथेही एक शंका स्वतःच काढावी लागते. वावराचा कोणता भाग बीबीएफला द्यायचा हे शेतकऱ्यानेच ठरवलं. तो बहुधा जास्त चिबडणारा, म्हणजे मुळातच कमी पिकणारा भाग देणार. तसं असेल तर बीबीएफचा खरा फायदा दिसतो त्याहून थोडा जास्तच असेल. शंकेची दिशा सांगता आली तर ती निबंधात लिहावी, वाचकाला तिचा उपयोग होतो. आणि खोलगट आणि उताराची ही वाटणी आकडे पाहिल्यावर केली, 5 आणि 6 वावरांवर, हेही स्पष्ट लिहायचं.

आता नवा दावा असा: ‘त्या हंगामात, पाणी साचणाऱ्या भारी वावरांत, बीबीएफमध्ये उत्पादन जास्त दिसलं, उताराच्या वावरांत फरक दिसला नाही.’ दावा लहान झाला, पण हा वाचून शेतकऱ्याला आपल्या कोणत्या धुऱ्याकडे यंत्र न्यायचं ते ठरवता येईल. जुना वाचून त्याने उताराच्या वावरातही यंत्राचं भाडं भरलं असतं. या कामाची मला काळजी वाटते ती याच कारणाने. आपले निबंध शिफारशींत जातात आणि शिफारशी पेरणीत.

सुधारणा करताना सर्वांत जास्त घसरतं ते इथे. दावा बदलतो, पण निबंधाच्या शेवटी ‘मर्यादा’ या मथळ्याखाली एक वाक्य टाकलं जातं आणि शीर्षक, सारांश, निष्कर्ष तिन्ही जुनेच राहतात. ओळखायची खूण सोपी आहे. फक्त शीर्षक, सारांश आणि शेवटचा परिच्छेद वाचा. तिथे ‘उत्पादन वाढतं’ हे शब्द अजून आहेत का? असतील तर सुधारणा झालेलीच नाही. 48 जणांचा तक्ता ठेवायचा तर ठेवा, पण तो गावांमधला फरक दाखवतो असं लिहून, आणि 11 जणांच्या तक्त्यानंतर.

मग उत्तराचं पत्र. त्यात प्रत्येक शेरा जसाच्या तसा, खाली आपलं उत्तर, आणि बदल कुठे केला ते पान आणि ओळ. पण सुरुवात क्रमांक एकने करू नका. संपादकाला आधी एका परिच्छेदात सांगा की दुसऱ्या समीक्षकाच्या बाराव्या शेऱ्यामुळे मुख्य तुलना बदलली आहे आणि निष्कर्षही. ‘तीन हंगामांची माहिती हवी’ यासारख्या, होऊ न शकणाऱ्या मागणीला सरळ नाही म्हणावं: माहिती एका हंगामाची आहे, म्हणून शीर्षकात हंगाम लिहिला आहे. कारण सांगून दिलेला नकार संपादक ऐकून घेतात.

एवढं करूनही निबंध परत आला, तर दुसरीकडे पाठवताना सुधारलेलाच मसुदा पाठवा, जुना नको. आपल्या विषयात माणसं मोजकी असतात, आणि नव्या नियतकालिकाचा समीक्षक पुन्हा तोच निघू शकतो. नमस्कार.