टॅग करण्याआधी तक्रार क्रमांक घ्या

(ग्राहक मेळाव्यातील व्याख्यान, संपादित)

मंडळी, मी बँकेच्या तक्रार विभागात होते. शेवटची चार वर्षं माझ्याकडे सोशल मीडियाचं टेबल होतं. बँकेला टॅग करून लोक जे लिहायचे, ते सगळं आधी आमच्या पडद्यावर यायचं. आज फक्त एटीएममध्ये अडकलेल्या पैशांबद्दल बोलते, कारण निम्मी आरडाओरड त्याचीच असायची.

माझ्या ओळखीचे एक काका. शनिवार, ७ जूनची संध्याकाळ. एटीएममधून १०,००० काढायला गेले. यंत्र खडखडलं, नोटा आल्या नाहीत, खात्यातून मात्र रक्कम वजा झाली. काकांनी तिथेच उभं राहून स्लिपचा फोटो टाकला, बँक, रिझर्व्ह बँक, अर्थमंत्री अशा सगळ्यांना टॅग केलं आणि वर लिहिलं, ‘चोर आहेत सगळे.’ दहा मिनिटांत उत्तर आलं. बोधचिन्ह बँकेचंच, भाषा आमच्यापेक्षाही गोड. ‘सर, गैरसोयीबद्दल क्षमस्व, या नंबरवर संपर्क करा.’ काकांनी फोन केला. पलीकडच्या माणसाने मोबाईलचा पडदा त्याला दिसेल असं एक अ‍ॅप घ्यायला लावलं, ‘रिफंड’साठी पिन टाकायला लावला आणि ४८,००० गेले.

आणि मूळचे १०,०००? ते मंगळवारी आपसूक परत आले. यात चमत्कार काही नाही. प्रत्येक व्यवहारात यंत्राने काय केलं याची नोंद यंत्रातच राहते. रोकड भरणारे मोजदाद करतात तेव्हा बाहेर न पडलेले पैसे जास्तीचे निघतात, ताळा जुळवताना ते कोणाचे हे कळतं आणि रक्कम उलट जमा होते. काकांच्या पोस्टचा त्याच्याशी सुतराम संबंध नव्हता. ती पोस्ट बँकेच्या आधी भामट्यांनी वाचली, एवढंच. ‘पैसे अडकले’ हे शब्द शोधत ते बसलेलेच असतात.

खरं हँडल ओळखायचं कसं? नुसत्या निळ्या टिकेवर जाऊ नका. एक्सवर ती २०२३पासून पैसे भरून मिळते. बँकेच्या संकेतस्थळावरून तिच्या पानावर जा आणि उत्तर देणारं खातं अक्षरन् अक्षर तेच आहे का पाहा. आम्ही डीएममध्ये, म्हणजे खासगी संदेशात, मोबाईल नंबर मागायचो, पण पिन किंवा ओटीपी कधीच नाही. आणि उघड उत्तरात व्हॉट्सअ‍ॅप नंबर देणारा आमच्यातला नव्हेच.

मग टॅग करूच नये का? करावं, पण वेळ बघून. रिझर्व्ह बँकेचं २०१९चं परिपत्रक सांगतं की एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते परत जमा झाले पाहिजेत. पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. म्हणजे काकांची मुदत १२ जूनपर्यंत. पैसे २० तारखेला आले असते तर आठ दिवसांचे ८०० रुपये वर मिळायला हवे होते. सहाव्या तासाला केलेल्या पोस्टवर आमच्या हातात देण्यासारखं काहीच नसायचं. ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ एवढं लिहून आम्ही मोकळे. खात्यात पैसे टाकायचा अधिकार आमच्या टेबलाला नव्हता. आम्ही फक्त पुढे ढकलायचो.

सातव्या दिवशी मात्र एक बाई लिहायच्या, ‘व्यवहार अमुक तारखेचा, तक्रार दुसऱ्याच दिवशी नोंदवली, मुदत उलटली, रक्कमही नाही आणि भरपाईही नाही.’ शिवी नाही, खाते क्रमांक नाही, स्लिप नाही. तक्रार क्रमांक डीएममध्ये. अशी पोस्ट आली की आमचे साहेब स्वतः फोन उचलायचे, कारण चूक नियमानुसार बँकेची होती आणि ती चारचौघांत मांडलेली होती. शिव्यांनी साहेब हलत नव्हते, खरं सांगते. शिव्यांची सवय होते.

दुसरी गोची अशी, की लोक पोस्टलाच तक्रार समजतात. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पण तिथे पहिला प्रश्न असतो, बँकेकडे तक्रार कधी केली? त्या वेळी क्रमांक आणि तारीख लागते. ‘मी टॅग केलं होतं’ यावर भिस्त ठेवू नका. फसवणुकीत तर हे फारच महागात पडतं. तिऱ्हाइताने पैसे उडवले आणि त्यात तुमची किंवा बँकेची चूक नसेल, तर बँकेकडून सूचना आल्यावर तीन कामाच्या दिवसांत कळवलं की तुमच्यावर बोजा शून्य. हे कळवायचं बँकेच्या हेल्पलाइनवर किंवा शाखेत.

काकांना ती सवलत लागू झाली नाही, कारण पिन त्यांनीच टाकला होता. त्यांच्या मुलीने रात्री साडेदहाला सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावला, तेव्हा ४८,०००पैकी १७,००० समोरच्या खात्यात अजून पडून होते. तेवढे गोठवता आले. काका तोवर दुसरी पोस्ट लिहीत बसले होते.