पगारपत्रकावर न दिसणारा विमा

नमस्कार श्रोतेहो.

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात नऊ वर्षे जॉबर म्हणून काम करणारा एक कामगार रात्रपाळी करून घरी आला आणि झोपेतच हृदयविकाराने गेला, असे समजू या. दिवसकार्य उरकल्यावर त्याची पत्नी कारखान्यात जाते, तेव्हा ‘फंडाचे पैसे मिळतील’ एवढेच तिला सांगितले जाते. फंडाबरोबर नवऱ्याचा विमाही होता, हे बहुधा तिला कोणी सांगत नाही, आणि आजचे माझे बोलणे त्या विम्यापुरतेच आहे.

हा विमा म्हणजे १९७६ सालची कर्मचारी ठेव संलग्न विमा योजना. ज्याचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो, तो कामगार आपोआप तिच्यात येतो. हप्ता मालक भरतो. तो पगाराच्या अर्धा टक्का असतो आणि त्यासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० रुपये धरला जात असल्याने महिन्याला ७५ रुपयांच्या वर जात नाही. कामगाराच्या पगारातून काहीच कापले जात नसल्यामुळे पगारपत्रकावर त्याची नोंद दिसत नाही, आणि म्हणूनच घरच्यांना त्याचा पत्ता नसतो.

आता रक्कम किती, ते पाहू. या जॉबरचा फंडासाठी धरलेला पगार शेवटचे बारा महिने सरासरी १३,००० रुपये होता. त्याची ३५ पट म्हणजे ४,५५,००० रुपये. त्याच बारा महिन्यांत फंडाच्या खात्यावरील सरासरी शिल्लक २,४०,००० रुपये होती. तिची निम्मी रक्कम, म्हणजे १,२०,००० रुपये, यात मिळवायची. ही निम्मी रक्कम १,७५,००० रुपयांपर्यंतच धरतात. एकूण ५,७५,००० रुपये झाले. फंडाची शिल्लक आणि विधवेचे निवृत्तिवेतन यांखेरीज ही रक्कम वेगळी मिळते. तिची कमाल मर्यादा सात लाख आहे, आणि मृत्यूपूर्वी बारा महिने सलग नोकरी झालेली असेल, तर ती अडीच लाखांहून कमी नसते. मृत्यू कामावरच झाला पाहिजे, अशी अट नाही. घरी, रस्त्यावर, दवाखान्यात किंवा बिनपगारी रजेवर असताना झाला तरी चालते. तो नोकरीत असताना झालेला असावा, एवढेच.

घोटाळा नेमका इथेच होतो. कामगार गेल्यावर मालकाला संगणकावर त्याची नोकरी संपल्याची तारीख आणि कारण नोंदवावे लागते. कारकुनाने घाईत शेवटच्या हजेरीचा दिवस टाकला आणि कारण ‘नोकरी सोडली’ असे निवडले, की कागदोपत्री तो माणूस मृत्यूपूर्वीच नोकरीतून गेलेला ठरतो, आणि विम्याचा दावा परत येतो. म्हणून अर्ज भरण्याआधी कारखान्यात बसूनच ती नोंद डोळ्यांनी पाहावी. तारीख मृत्यूची आणि कारण ‘सेवेत असताना मृत्यू’ असे हवे. ते चुकले असेल, तर दुरुस्तीचा अर्ज मालकाकडूनच जावा लागतो.

दुसरी अडचण वारसाच्या नावाची. लग्नाआधी भावाचे नाव वारस म्हणून लावलेले असेल, तर लग्न झाल्यावर ते नामनिर्देशन कायद्याने रद्द ठरते. नवे केलेले नसेल, तर रक्कम कुटुंबातील पात्र व्यक्तींमध्ये सारखी वाटली जाते. त्यात सज्ञान मुलगा आणि नवरा हयात असलेली विवाहित मुलगी धरली जात नाही. सासरी नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत आधार, बँकेचे पासबुक आणि फंडाची नोंद यांत तीन निरनिराळी नावे सापडतात. हे कागद आधी जुळवून घ्यावेत, नाहीतर पुढे खेपा वाढतात.

अर्ज एकच असतो. मृत्यूनंतरच्या संयुक्त दावा अर्जात फंड, निवृत्तिवेतन आणि विमा या तिन्हींची मागणी करता येते. मात्र विम्याची खूण करायची राहिली, तर फंड मिळून प्रकरण मिटल्यासारखे वाटते. सोबत महापालिकेचा मृत्यूचा दाखला, दावेदाराचे आधार आणि त्याचे नाव छापलेला रद्द केलेला धनादेश जोडावा. अर्जावर मालकाची सही लागते. कारखाना बंद पडला असेल, तर राजपत्रित अधिकारी किंवा दावेदाराच्या बँकेचा व्यवस्थापक यांची साक्षांकित सही चालते. काही कारखान्यांनी या योजनेतून सूट घेऊन दुसरीकडे सामूहिक विमा उतरवलेला असतो. तेथे दावा मालकामार्फत त्या विमा कंपनीकडे जातो, म्हणून पहिल्याच भेटीत हे विचारून घ्यावे.

पूर्ण कागदपत्रांसह अर्ज फंडाच्या कार्यालयात पोहोचल्यापासून वीस दिवसांत निकाल द्यायचा असतो, आणि पुरेसे कारण नसताना उशीर झाल्यास वर्षाला बारा टक्के दंडव्याज लागते. त्यासाठी अर्ज दिल्याच्या दिवसाची शिक्का मारलेली पोच हातात हवी. ती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.