बातम्यांमधला 'उत्प्रेरक' आणि रसायनशास्त्रातला उत्प्रेरक: फरक नेमका कुठे?

[कॅमेऱ्याकडे बघून]

नमस्कार मंडळी. बातम्यांमध्ये एक वाक्य तुम्ही हमखास ऐकलं असेल: "अमुक घटना या आंदोलनासाठी उत्प्रेरक ठरली." शेअर बाजाराच्या कार्यक्रमात तर रोज कुणीतरी विचारतं, "या शेअरसाठी पुढचा कॅटॅलिस्ट काय?" दोन्हीकडे म्हणायचं असतं ते हे, की या गोष्टीमुळे ती दुसरी गोष्ट घडली. रसायनशास्त्रातला उत्प्रेरक मात्र यातलं जवळजवळ काहीच करत नाही. तो काय करतो, ते आधी बघू या. मग बातमीकडे परत येऊ.

[टेबलावरची बाटली दाखवत]

ही औषधाच्या दुकानातली हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली. लेबलवर लिहिलंय '20 व्हॉल्यूम'. याचा अर्थ, यातलं 1 मिलिलिटर द्रावण पूर्ण विघटित झालं तर सुमारे 20 मिलिलिटर ऑक्सिजन निघतो. समीकरण साधं आहे:

2H₂O₂ → 2H₂O + O₂

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे विघटन बाटलीत आत्तासुद्धा चालू आहे. कुणी काही घातलेलं नाही, तरीही पेरॉक्साइडचं हळूहळू पाणी होतंय. म्हणून तर बाटलीवर मुदत लिहितात आणि प्रकाश आत जाऊ नये अशी बाटली वापरतात.

[काचेच्या ग्लासात 50 मिलिलिटर द्रावण ओतून, दोऱ्याला बांधलेली कच्च्या बटाट्याची फोड आत सोडत]

बघा, फोडीच्या कडेने लगेच बुडबुडे सुटले आणि वर फेस यायला लागला. बटाट्याच्या पेशींमध्ये कॅटलेज नावाचं विकर असतं, ते इथे उत्प्रेरकाचं काम करतंय. आता दोरा ओढून फोड बाहेर काढते. फेस बसला. थोडे बुडबुडे दिसतायत, पण जोर संपला. फोड परत आत टाकली, की परत सुरू. (घरी करून बघणार असाल तर हातमोजे घाला, डोळे सांभाळा. आणि उकडलेला बटाटा घेऊ नका. उकडल्यावर ते विकर निकामी होतं, मग काहीच दिसणार नाही.)

आता माझा प्रश्न असा. ग्लासात 50 मिलिलिटर द्रावण आहे, म्हणजे त्यातून एकूण सुमारे 1 लिटर ऑक्सिजन निघू शकतो. बटाटा घातल्यामुळे सव्वा लिटर निघेल का? नाही. तितकाच निघेल. जे काम व्हायला महिनोन्महिने लागले असते, ते लवकर उरकेल, इतकंच. उत्प्रेरक वेळ बदलतो. शेवटी हाती काय लागणार, ते बदलत नाही.

शाळेत आपण व्याख्या शिकलो, की उत्प्रेरकाच्या 'केवळ उपस्थितीने' अभिक्रियेचा वेग बदलतो. हे 'केवळ उपस्थितीने' मला अजिबात पटत नाही, कारण त्यामुळे उत्प्रेरक नुसता बाजूला उभा असतो असं वाटतं. प्रत्यक्षात तो मधल्या प्रत्येक पायरीवर हात घालतो.

अमोनियाचंच उदाहरण घ्या. आपल्याकडे अलिबागजवळ थळला आरसीएफचा खत कारखाना आहे, तिथे अमोनिया तयार होतो. नायट्रोजन आणि हायड्रोजन एकत्र येऊन अमोनिया बनतो, पण नायट्रोजनच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की ते सहजी सुटत नाहीत. लोखंडाच्या पृष्ठभागावर आल्यावर तो रेणू फुटतो आणि त्याचे अणू लोखंडाला चिकटतात. मग हायड्रोजनचे अणू एकेक करून येऊन त्याला जोडले जातात. तयार झालेला अमोनिया पृष्ठभाग सोडून निघून जातो आणि ती जागा पुढच्या रेणूसाठी मोकळी होते. म्हणजे लोखंड पूर्णपणे गुंतलेलं असतं, फक्त शेवटी मोकळं होतं. गेऱ्हार्ड एर्टल यांनी या पायऱ्या उलगडून दाखवल्या. पृष्ठभागावरच्या रसायनशास्त्रातल्या संशोधनासाठी त्यांना 2007 मध्ये नोबेल मिळालं.

आणि इथेच उत्प्रेरकाची मर्यादाही दिसते. अमोनिया बनतो, तसा तो तुटतोही. लोखंड बनण्याचा वेग वाढवतं आणि तुटण्याचाही वाढवतं. त्यामुळे ठरावीक तापमानाला आणि दाबाला किती अमोनिया मिळू शकतो, ती कमाल मर्यादा जिथल्या तिथे राहते. ती हलवायची तर दाब वाढवावा लागतो किंवा तापमान उतरवावं लागतं. मग लोखंडाचा फायदा काय? त्याच्याविना वेग मिळवायचा तर तापमान इतकं वाढवावं लागेल, की बनलेला अमोनिया टिकणारच नाही. लोखंडामुळे 400 ते 500 अंश सेल्सिअसला काम भागतं.

[पुन्हा कॅमेऱ्याकडे]

आता बातमीकडे येऊ. 28 जून 1914 ला सारायेव्होमध्ये आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या झाली. ही हत्या पहिल्या महायुद्धाची 'उत्प्रेरक' होती, असं कितीतरी लेखांमध्ये वाचायला मिळतं. मराठीत यासाठी आधीपासून नेमका शब्द आहे: ठिणगी. रसायनशास्त्रातही ठिणगी आणि उत्प्रेरक या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

हायड्रोजन आणि हवा यांचं मिश्रण घ्या. हायड्रोजन पुरेसा असेल तर एक ठिणगी पडली की भडका. पुढे ठिणगीची गरज उरत नाही, अभिक्रियेतून निघालेली उष्णताच ती पुढे नेते. पण हवेत हायड्रोजन 4 टक्क्यांपेक्षा कमी असेल, समजा 2 टक्के, तर ठिणगी पडूनही ज्वाला पसरत नाही. तिथे प्लॅटिनमचा लेप दिलेल्या पट्ट्या ठेवल्या, तर तोच हायड्रोजन ऑक्सिजनशी जोडला जाऊन त्याचं पाणी होत राहतं. अणुऊर्जा प्रकल्पांमध्ये अशी उपकरणं बसवतात, ती नेमकी याचसाठी: हायड्रोजन साठून स्फोट होऊ नये म्हणून. ठिणगी एकदाच लागते आणि विझते. प्लॅटिनम तिथेच राहून काम करत राहतं, आणि काढून घेतलं तर काम थांबतं.

हीच कसोटी बातमीला लावा. ती गोष्ट बाजूला काढली तर काय होईल? सारायेव्होची हत्या एकदा घडली आणि संपली, पुढचं युद्ध तिच्याविना चार वर्षं चाललं. म्हणजे ठिणगी. शेअरचा भाव तिमाही नफा वाढल्यामुळे चढला, तर नफा हे सरळ कारण आहे. कारण त्याने मुक्कामाचं ठिकाणच बदललं, तिथे पोहोचायचा वेग नाही.

मग बातमीत हा शब्द कुठे शोभतो? मध्यस्थाला शोभतो. 1993 मध्ये इस्रायल आणि पीएलओ यांच्यात ओस्लो करार झाला, तेव्हा नॉर्वेच्या लोकांनी दोन्ही बाजूंना गुपचूप एकत्र बसवलं, बोलणी पुढे सरकवली. करार त्या दोघांचा होता. नॉर्वे त्यात गुंतला होता, पण करारात पक्षकार नव्हता, आणि पुढे दुसऱ्या कुणासाठी तेच काम करायला मोकळा होता. नंतर श्रीलंकेत त्याने ते केलंही. तिथला युद्धविराम टिकला नाही, आणि तेही आपल्या लोखंडाच्या गोष्टीशी जुळतं: दोन बाजूंमध्ये जे टिकणारच नाही, ते मध्यस्थाला टिकवता येत नाही.

तुमच्या वाचनात 'उत्प्रेरक' असलेली एखादी बातमी आली, तर तिचं शीर्षक खाली कमेंटमध्ये लिहा. ठिणगी, कारण की खरोखरचा उत्प्रेरक, ते आपण पुढच्या व्हिडिओत एकेक करून तपासू.